‘शी हॅज लेफ्ट फॉर टेन इयर्स’ कुठे चुकतं

प्रश्न: माझी मुलगी डिचोलीत दहावीला आहे. इंग्रजीच्या सरावात ‘इट इज टेन इयर्स सिन्स शी लेफ्ट’ हे वाक्य प्रेझेंट परफेक्ट आणि ‘फॉर’ वापरून लिहायचं होतं. तिने ‘शी हॅज लेफ्ट फॉर टेन इयर्स’ लिहिलं, बाईंनी कापलं. त्याच्याच खालच्या ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय सॉ हर’ या वाक्याच्या उत्तरात मात्र ‘नॉट’ आलंय, आणि मूळ वाक्यात तर ‘नाही’ कुठेच नाही. मी स्वतः मराठी माध्यमातली. हे ठरवायचं कसं?

उत्तर:

ताई, बाईंनी कापलं ते बरोबरच. पहिल्याचं उत्तर ‘शी हॅज बीन अवे फॉर टेन इयर्स’, आणि दुसऱ्याचं ‘आय हॅव नॉट सीन हर फॉर टेन इयर्स’. सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि दरवर्षी निम्म्या वह्यांत तुमच्या मुलीचंच वाक्य सापडायचं. तेव्हा तिला आधी एवढं सांगा की तिचा काळ चुकलेला नाही. ‘हॅज’ घातलं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप घातलं, ‘फॉर’ला कालावधी जोडला, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. चुकलंय ते क्रियापद.

जाणं ही क्षणात होणारी गोष्ट आहे. बॅग उचलली, दाबोळीला विमान सुटलं, गेली. ‘फॉर टेन इयर्स’ला मात्र अशी गोष्ट लागते जी दहा वर्षं सलग चालू आहे. मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढायचो, तिच्या डाव्या टोकाला खडूचा एक ठिपका काढायचो आणि विचारायचो, ‘लेफ्ट’ कुठे लिहू? पोरं ठिपक्याकडे बोट दाखवायची. मग रेघेवर काय लिहू? इथे वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, “सर, ती नाय ते.” तेच उत्तर. रेघेवर ‘ती इथे नसणं’ आहे, आणि त्याला इंग्रजीत ‘बी अवे’ म्हणतात. ‘सिन्स’चं वाक्य ठिपका दाखवतं आणि तिथून वर्षं मोजतं. ‘फॉर’चं वाक्य रेघ दाखवतं. म्हणून वाक्य बदलताना क्रियापदही बदलावं लागतं, आणि सरावाच्या सूचनेत नेमकं हेच कोणी लिहीत नाही.

मराठी माध्यमाचं ओझं वाटून घेऊ नका, इथे मराठीच कामाला येते. मूळ इंग्रजी वाक्य म्हणजे आपलं ‘ती जाऊन दहा वर्षं झाली’. रचनासुद्धा तीच: घडलेली गोष्ट ‘जाऊन’मध्ये बसली आणि वर्षांचा हिशेब ‘झाली’मध्ये. घरी कोकणी बोलत असाल तर ‘वचून धा वर्सां जालीं’, तेही त्याच साच्यातलं. आता हे वाक्य ‘गेली दहा वर्षं’ या शब्दांनी सुरू करून पुन्हा बोलून बघा आणि शेवट ‘आहे’ किंवा ‘नाही’ने करा. ‘गेली दहा वर्षं ती इथे नाही’, किंवा ‘गेली दहा वर्षं ती लंडनला आहे’. दोन्ही जिभेवर आपोआप येतात. ‘गेली दहा वर्षं ती गेली आहे’ असं मात्र तुम्ही कधीच म्हणणार नाही, कानाला लागलीच खटकतं. ‘शी हॅज लेफ्ट फॉर टेन इयर्स’ इंग्रजी कानाला असंच खटकतं.

दुसऱ्या वाक्यावर हीच युक्ती चालवा. ‘तिला भेटून दहा वर्षं झाली.’ यात ‘नाही’ नाही. पण ‘गेली दहा वर्षं’ने सुरुवात केली की? ‘गेली दहा वर्षं ती भेटलेली नाही.’ बघा, ‘नाही’ तुमच्या तोंडून आलंच, कोणी सांगावं लागलं नाही. तुमच्या ‘नॉट’चं मूळ हेच आहे. ते मूळ वाक्यात दडलेलं होतं. शेवटची भेट हा ठिपका, आणि त्यानंतरच्या रेघेवर काय आहे तर भेट न होणं. भेट पुन्हा झाली असती तर मोजणी तिथून नव्याने सुरू झाली असती.

मग प्रश्न एवढाच उरतो, त्या क्रियेनंतर रेघेवर काय राहिलं? काही क्रिया मागे एखादी स्थिती ठेवून जातात. लग्न झालं की माणूस विवाहित असतो, दुकान उघडलं की ते उघडं असतं, स्कूटर घेतली की ती आपल्याजवळ असते. तिथे वाक्य होकारार्थीच राहतं आणि क्रियेच्या जागी स्थिती येते. काही क्रिया मागे काही ठेवत नाहीत, त्या फक्त पुन्हा घडू शकतात. पाहणं, भेटणं, पत्र लिहिणं, पाऊस पडणं, जत्रेला जाणं. तिथे क्रियापद तेच राहतं आणि ‘नॉट’ येतं. ‘इट इज सिक्स मंथ्स सिन्स इट रेन्ड’चं ‘इट हॅज नॉट रेन्ड फॉर सिक्स मंथ्स’ होतं. गोव्यात मेच्या अखेरीस म्हणता येण्याजोगं वाक्य, एखादी अवकाळी सर सोडली तर.

स्थितीवाल्या क्रियापदांच्या जोड्या पाठ करण्यापेक्षा त्या वाक्यात बसवून लक्षात राहतात. समजा म्हापशाला एका बाईंचं शिवणाचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं: ‘शी हॅज बीन मॅरिड फॉर फाइव्ह इयर्स’. ‘हॅज मॅरिड’ नव्हे, मध्ये ‘बीन’ हवंच, कारण ‘मॅरिड’ इथे क्रिया राहिली नाही, ‘विवाहित’ असं विशेषण झालं. चार वर्षांपूर्वी दुकान उघडलं: ‘द शॉप हॅज बीन ओपन फॉर फोर इयर्स’. इथे ‘ओपन्ड’ लिहिलं की गेलं. तीन वर्षांपूर्वी नवं मशीन घेतलं: ‘शी हॅज हॅड द मशीन फॉर थ्री इयर्स’. या ‘हॅज हॅड’ला मुलं फार बिचकतात, एकच शब्द दोनदा कसा म्हणून एक खोडतात. खोडू नका. ‘बाय’ हा ठिपका, ‘हॅव’ ही रेघ, आणि ‘हॅव’चं तिसरं रूप ‘हॅड’, दुसरं काही नाही. दोन वर्षांपूर्वी त्या शिवणाचे वर्ग घ्यायला लागल्या: ‘शी हॅज बीन टीचिंग फॉर टू इयर्स’. सुरुवात करणं हा ठिपका होता, म्हणून ‘बिगॅन’ किंवा ‘स्टार्टेड’ उडालं आणि जे सुरू झालं तेच ‘-इंग’ लावून रेघेवर आलं. ‘शी हॅज स्टार्टेड टीचिंग फॉर टू इयर्स’ हीसुद्धा तुमच्या मुलीच्याच घरातली चूक.

मरणाची वाक्यं सरावात हटकून असतात. ‘इट इज थ्री इयर्स सिन्स हिज ग्रँडफादर डाइड.’ नियमाने उत्तर ‘हिज ग्रँडफादर हॅज बीन डेड फॉर थ्री इयर्स’. परीक्षेत हेच लिहावं, पूर्ण गुण आहेत. घरी आलेल्या माणसाशी बोलताना मात्र हे कोरडं लागतं, ‘आजोबा तीन वर्षं मेलेले आहेत’ म्हटल्यासारखं. बोलताना इंग्रजी माणूसही मूळचं ‘सिन्स’चं वाक्य ठेवतो किंवा ‘डाइड थ्री इयर्स अगो’ म्हणतो. रूपांतर व्याकरणात बसतं म्हणून दोन्ही वाक्यं सारखीच बोलली जातात असं नाही.

आता ‘लेफ्ट फॉर’कडे परत येतो, कारण ही चूक नुसती कापण्यापुरती नसते, कधी कधी तिचा अर्थच वेगळा लागतो. माझा एक जुना विद्यार्थी, बार्देशातला, जहाजावर स्वयंपाकघरात होता. करार संपवून घरी आला, सहा महिने झाले आणि त्याने दुसरीकडे नोकरीसाठी मुलाखत दिली. तिथे तो म्हणाला, “आय हॅव लेफ्ट द शिप फॉर सिक्स मंथ्स.” त्याच्या डोक्यात होतं, ‘जहाज सोडून सहा महिने झाले’. समोरच्याने ऐकलं, ‘सहा महिन्यांसाठी जहाज सोडलंय’. म्हणजे हा रजेवर आहे आणि परत त्याच जहाजावर जाणार. “मग आमच्याकडे कशाला आलात?” असा पुढचा प्रश्न आला आणि पोराला काही समजेना. मला येऊन म्हणाला, “सर, माझं इंग्लिश बरोबर होतं ना?” त्याचं वाक्य व्याकरणात बसत होतं, फक्त भलत्याच अर्थाने. त्याला म्हणायचं होतं, ‘आय हॅव बीन ऑफ द शिप फॉर सिक्स मंथ्स’, किंवा सरळ ‘आय हॅव बीन अॅट होम फॉर सिक्स मंथ्स’.

हे असं का होतं? ठिपक्याच्या क्रियापदापुढे ‘फॉर’ आलं की त्याला मोजायला मागे रेघ मिळत नाही, मग ते पुढे बघतं. जाण्याच्या नंतर किती काळ तिकडे राहायचा बेत आहे, ते सांगतं. ‘शी हॅज गॉन टू पुणे फॉर टू वीक्स’ म्हणजे ती दोन आठवड्यांसाठी पुण्याला गेलीय, कदाचित आज सकाळीच गेली असेल. ‘शी हॅज बीन इन पुणे फॉर टू वीक्स’ म्हणजे तिला तिथे जाऊन दोन आठवडे झाले. मराठीत ‘साठी’ लावलं की हा फरक उघड दिसतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘फॉर’ आहे, त्यामुळे सगळा भार क्रियापदावर. त्यात ‘लेफ्ट फॉर’ची आणखी एक भानगड: ‘शी लेफ्ट फॉर लंडन’ म्हणजे लंडनला जायला निघाली. तिथला ‘फॉर’ काळाचा नव्हेच, ठिकाणाचा.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांची खिचडी याच जागी होते, म्हणून तेही एकदा नीट बघून घ्या. ‘शी हॅज गॉन’ म्हणजे गेलीय, आत्ता इथे नाही. ‘शी हॅज बीन टू लंडन’ म्हणजे जाऊन आलीय, कधीतरी. ‘शी हॅज बीन गॉन फॉर टेन इयर्स’ म्हणजे दहा वर्षं झाली, नाहीच आहे. मुलीच्या वाक्यात ‘अवे’च्या जागी ‘गॉन’ चालेल, पण आधी ‘बीन’ ठेवून. ‘शी हॅज गॉन फॉर टेन इयर्स’ लिहिलं तर पुन्हा जहाजावरच्या पोराचा अर्थ निघेल, ‘दहा वर्षांसाठी गेलीय’.

‘लीव्ह’चं एक वैशिष्ट्य आहे, आणि त्यामुळे एकाच वाक्याची दोन बरोबर उत्तरं होऊ शकतात. जाणं म्हणजे एका बाजूने दूर असण्याची सुरुवात आणि दुसऱ्या बाजूने इथे राहण्याचा शेवट. म्हणून ‘सिन्स शी लेफ्ट गोवा’ असेल तर ‘शी हॅज बीन अवे फ्रॉम गोवा फॉर टेन इयर्स’ हेही बरोबर आणि ‘शी हॅज नॉट लिव्ह्ड इन गोवा फॉर टेन इयर्स’ हेही. सोडण्याच्या बाकी क्रियापदांचंही तसंच. ‘सिन्स ही स्टॉप्ड स्मोकिंग’चं ‘ही हॅज नॉट स्मोक्ड’ होतं. उत्तरपत्रिकेच्या किल्लीत एकच उत्तर छापलेलं असतं म्हणून दुसरं कापलं गेलेलं मी पाहिलंय, आणि एकदा स्वतःही तसं कापलंय. पेपर परत दिल्यावर आठवीतल्या एका मुलीने येऊन विचारलं तेव्हा गुण वाढवून द्यावे लागले.

खरी गंमत मात्र ‘केम’मध्ये आहे. मुलीला नियम समजलाय की नाही हे तपासायचं असेल तर तिला हे एकच वाक्य द्या: ‘इट इज टेन इयर्स सिन्स शी केम हिअर.’ आधी मराठीत बघा. ‘ती इथे येऊन दहा वर्षं झाली.’ याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. सून म्हणून आली आणि राहिली, तर ‘गेली दहा वर्षं ती इथे आहे’: ‘शी हॅज बीन हिअर फॉर टेन इयर्स’. परदेशी राहणारी आत्या शेवटची चवथीला आली होती, त्याला दहा वर्षं झाली, तर ‘गेली दहा वर्षं ती इथे आलेली नाही’: ‘शी हॅज नॉट कम हिअर फॉर टेन इयर्स’, किंवा जास्त नेहमीच्या बोलीत ‘शी हॅज नॉट बीन हिअर’. मूळ वाक्य तेच, एक उत्तर तिला घरात बसवतं, दुसरं घराबाहेर. निव्वळ वाक्याकडे बघून यातलं एक निवडता येत नाही, संदर्भ लागतो. म्हणून नीट लिहिलेल्या सरावात दुसऱ्या अर्थासाठी ‘लास्ट’ हा शब्द घातलेला असतो: ‘सिन्स शी लास्ट केम हिअर’. ‘लास्ट’ दिसलं की डोळे मिटून ‘नॉट’. ‘फर्स्ट’ असेल तर त्याने हा प्रश्न सुटत नाही. ‘सिन्स शी फर्स्ट केम हिअर’मधली बाई पहिल्यांदा आली एवढंच कळतं, नंतर राहिली की अधूनमधून येत राहिली ते पुढच्या-मागच्या वाक्यांतून काढावं लागतं. राहिली असेल तर ‘हॅज बीन हिअर’, येत-जात राहिली असेल तर ‘हॅज बीन कमिंग हिअर फॉर टेन इयर्स’.

एक जागा आहे जिथे मराठी आपल्याला फसवू शकते. ‘मला मडगावला राहून दहा वर्षं झाली’ असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा तो अजून मडगावातच राहतोय. मुलं हे तसंच उचलून ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय लिव्ह्ड इन मडगाव’ लिहितात. इंग्रजीत याचा अर्थ बरोबर उलटा होतो: मी मडगावला राहायचो, ते सोडून दहा वर्षं झाली. ‘लिव्ह’ ही आधीच रेघ आहे. ती ‘सिन्स’मागे साध्या भूतकाळात ठेवली की इंग्रजी ती संपलेली धरतं आणि तिच्या शेवटच्या टोकापासून मोजतं. म्हणून याचं रूपांतर ‘आय हॅव नॉट लिव्ह्ड इन मडगाव फॉर टेन इयर्स’. अजून राहत असेल तर ‘सिन्स’मागे ठिपकाच हवा, ‘सिन्स आय मूव्ह्ड टू मडगाव’ किंवा ‘सिन्स आय केम टू लिव्ह इन मडगाव’, आणि मग उत्तर ‘आय हॅव लिव्ह्ड इन मडगाव फॉर टेन इयर्स’.

रूपांतर मुळातच शक्य नसलेली वाक्यंही असतात, आणि ती मुलांना दाखवायला हवीत, नाहीतर त्यांना वाटतं की प्रत्येक कुलपाला ही किल्ली लागते. मी पणजीच्या पुलाचं उदाहरण द्यायचो. मांडवीवरचा नेहरू पूल 5 जुलै 1986 ला कोसळला. 1987 च्या जुलैत ‘इट इज अ इयर सिन्स द ब्रिज कोलॅप्स्ड’ हेही खरं होतं आणि ‘द ब्रिज हॅज बीन डाउन फॉर अ इयर’ हेही. पुढे तिथे नवा पूल उभा राहिला. आज ‘सिन्स’चं वाक्य वर्षांचा आकडा बदलून तसंच खरं आहे, कारण ते नुसतं कॅलेंडर मोजतं. ‘फॉर’चं वाक्य मात्र खोटं ठरलं, कारण रेघ मध्येच तुटली. आज उरतं ते फक्त ‘द ब्रिज कोलॅप्स्ड सो मेनी इयर्स अगो’. तुमच्या मुलीच्या वाक्यातही ही अट आहे, फक्त दिसत नाही. ‘शी हॅज बीन अवे’ लिहिताना आपण धरून चालतो की ती अजून परतलेली नाही. मूळ वाक्य तेवढं सांगत नाही. मध्ये चार वर्षं येऊन राहून पुन्हा गेली असेल तर कुठल्या जाण्यापासून मोजायचं, हाच वेगळा वाद.

याच्या उलट, रेघ तुटलेली नसली की वाक्य किती सरळ होतं ते घटकराज्याच्या उदाहरणात दिसतं. गोवा 30 मे 1987 ला घटकराज्य झालं. 2017 च्या त्या दिवशी ‘इट इज थर्टी इयर्स सिन्स गोवा बिकेम अ स्टेट’, म्हणजेच ‘गोवा हॅज बीन अ स्टेट फॉर थर्टी इयर्स’. ‘बिकम’ गेलं, ‘बी’ आलं. मुक्तीचं वाक्य करताना थोडं थांबावं लागतं: ‘लिबरेटेड’ हा 19 डिसेंबर 1961 चा ठिपका आहे. ‘हॅज बीन लिबरेटेड फॉर सिक्स्टी इयर्स’ कानाला बरं लागत नाही. रेघेचा शब्द ‘फ्री’, म्हणून 2021 मध्ये ‘गोवा हॅज बीन फ्री फॉर सिक्स्टी इयर्स’.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या, त्यांत फार वेळ घालवू नका. पहिली, काही पुस्तकांत ‘इट इज’च्या जागी ‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स शी लेफ्ट’ असतं. दोन्ही चालतात, ‘हॅज बीन’ अमेरिकेत जास्त ऐकू येतं. मात्र हे वाक्य तुमच्या सरावाचं उत्तर नव्हे, कारण त्यात ‘फॉर’ नाही. आणि ‘फॉर’ हवाच म्हणून कोणी ‘इट हॅज बीन फॉर टेन इयर्स सिन्स’ लिहिलं तर तेही कापलं जाणार. दुसरी, ‘सिन्स टेन इयर्स’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘2015 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’. त्यातून ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे आपल्या देशभर ऐकू येणारं वाक्य जन्मतं. ‘सिन्स’पुढे ठिपका, ‘फॉर’पुढे लांबी, फळ्यावरचं तेच चित्र.

आता मुलीला वही उघडायला सांगा आणि खालची तीन वाक्यं तिच्याकडून करून घ्या, तुम्ही फक्त ‘गेली अमुक वर्षं’ एवढं म्हणा. ‘इट इज टू इयर्स सिन्स माय अंकल रिटायर्ड.’ ती म्हणेल, काका निवृत्त आहेत, म्हणजे ‘हॅज बीन रिटायर्ड’. ‘इट इज अ मंथ सिन्स वी एट फिश.’ श्रावण पाळणाऱ्या घरात हे उत्तर लगेच येतं, महिनाभर मासे खाल्लेले नाहीत: ‘वी हॅव नॉट इटन फिश फॉर अ मंथ’. आणि ‘इट इज फाइव्ह इयर्स सिन्स शी जॉइन्ड द बँक.’ इथे ती बहुतेक ‘हॅज जॉइन्ड’ लिहील. तेव्हा उत्तर सांगू नका, रेघ ओढा आणि विचारा, पाच वर्षं ती काय करतेय? बँकेत कामाला आहे. ‘शी हॅज वर्क्ड इन द बँक फॉर फाइव्ह इयर्स’, किंवा ‘हॅज बीन वर्किंग’, किंवा ‘हॅज बीन विथ द बँक’, तिन्हींना गुण.

प्रश्नार्थक वाक्य आलं तरी काही वेगळं नाही. ‘हाउ लाँग इज इट सिन्स शी लेफ्ट?’ हे ‘हाउ लाँग हॅज शी बीन अवे?’ होतं, कारण ‘हाउ लाँग’मध्ये ‘फॉर’ची जागा आधीच भरलेली असते. आणि गोष्ट भूतकाळात सांगितलेली असेल, ‘इट वॉज टेन इयर्स सिन्स शी हॅड लेफ्ट’, तर सगळं एक पायरी मागे सरकतं: ‘शी हॅड बीन अवे फॉर टेन इयर्स’. दहावीच्या सरावात हे शेवटचं क्वचितच दिसतं, पण दिसलं तर ती अडणार नाही.